झोपेतला ऊर्जाखर्च आणि जागेपणीची विश्रांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘कॅलरी’ म्हणजे आहाराच्या बोलण्यात नेहमी येते ती, म्हणजे किलोकॅलरी. सगळी उत्तरं निरोगी प्रौढ माणसांना धरून दिली आहेत. लहान बाळं, गरोदरपण आणि गंभीर आजार यांचे हिशोब वेगळे असतात.

झोपेत शरीर जागेपणापेक्षा किती कमी ऊर्जा खर्च करतं?

सकाळी उपाशीपोटी, जागं राहून, अंथरुणात निश्चल पडलेल्या माणसाशी तुलना केली तर झोपेतला खर्च सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. काही जणांत हा फरक १० टक्क्यांपर्यंत जातो, काही जणांत तो जवळजवळ नसतोच. साठ किलो वजनाच्या माणसाला यातून तासाला दोन-तीन कॅलरींचा फरक पडतो.

बहुतेकांना हा आकडा फार लहान वाटतो. झोपेत शरीर ‘बंद’ होतं अशी आपली कल्पना असते, म्हणून मोठ्या घसरणीची अपेक्षा असते. पण जागेपणी निश्चल पडलेलं शरीरही फारसं काही करत नसतं. त्या खर्चातला बहुतेक भाग नुसतं जिवंत राहण्याचा असतो आणि तो झोपेतही चालूच राहतो.

मग काही ठिकाणी ५ टक्के, तर काही ठिकाणी ३० टक्के फरक लिहिलेला असतो, तो का?

कारण तुलना कशाशी करायची हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवलेलं असतं. या विषयातला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून हे जरा सावकाश पाहू.

‘शांत जागेपण’ नावाची एकच अवस्था नसते. पहिली अवस्था मूलभूत चयापचय दराची, म्हणजे बीएमआरची. त्यासाठी शेवटचं खाणं होऊन दहा-बारा तास झालेले असावे लागतात, माणूस जागा पण आडवा असतो, खोली ना थंड ना गरम असते आणि आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम झालेला नसतो. दुसरी अवस्था विश्रांतीतल्या दराची. इथे नियम थोडे सैल असतात. माणूस चालत आलेला असतो, खाऊन चार-पाच तासच झालेले असतात, थोडा वेळ बसवून मोजमाप घेतलेलं असतं. हा दर बीएमआरपेक्षा काही टक्के जास्त येतो, कधी १० टक्क्यांपर्यंत. तिसरी अवस्था आपण घरी रोज अनुभवतो ती, म्हणजे जेवण झाल्यावर खुर्चीत शांत बसणं. पाठ ताठ ठेवणारे स्नायू काम करत असतात, अन्न पचत असतं, हात-पाय अधूनमधून हलत असतात. हा खर्च बीएमआरच्या साधारण १.२ पट किंवा त्याहून थोडा जास्त असतो.

झोपेतला दर बीएमआरच्या ०.९५ पट धरला, तर पहिल्या अवस्थेच्या तुलनेत तो ५ टक्के कमी ठरतो आणि तिसऱ्या अवस्थेच्या तुलनेत २० टक्क्यांहून अधिक कमी. ३० टक्क्यांच्या आसपासचे आकडेही उलट्या बाजूने मिळतात, म्हणजे झोपेला आधार धरून जागेपण किती जास्त ते मोजलं तर. झोपेतला खर्च सगळीकडे तोच असतो, पण ज्याच्याशी तुलना केली ते बदलल्यामुळे टक्केवारी बदलते. म्हणून अशी टक्केवारी वाचताना समोरचा माणूस आडवा होता की बसलेला, उपाशी होता की जेवलेला, हे आधी शोधावं. ते लिहिलेलं नसेल तर त्या टक्केवारीचा उपयोग नाही.

यात वेळेचाही हात असतो. २०१८ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात माणसांना घड्याळ आणि दिवसाचा उजेड यांपासून कित्येक दिवस दूर ठेवलं आणि जागेपणीच्या विश्रांतीतला खर्च शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे मांडला. तो जैविक रात्रीच्या उत्तरार्धात सर्वात कमी आणि त्यानंतर साधारण बारा तासांनी, म्हणजे जैविक दुपार-संध्याकाळी, सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे पहाटे तीन-चारला तुम्ही जागे पडून राहिलात तरी खर्च दुपारच्या मानाने कमीच असेल. रात्री झोपलेला माणूस आणि दुपारी पडलेला माणूस यांच्यातल्या फरकाचं सगळं श्रेय झोपेला देता येत नाही.

हे मोजतात कसं?

छोट्या, हवाबंद पण राहण्याजोग्या खोलीत माणसाला रात्रभर ठेवतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जातो. वीअर यांनी १९४९ मध्ये दिलेलं सूत्र सोप्या रूपात असं आहे: वापरलेल्या ऑक्सिजनच्या प्रत्येक लिटरला ३.९ कॅलरी, अधिक सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक लिटरला १.१ कॅलरी.

समजा, झोपलेल्या माणसाने तासाभरात १०.४ लिटर ऑक्सिजन वापरला आणि ८.५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडला. पहिल्याचे साधारण ४०.६ आणि दुसऱ्याचे ९.४, मिळून ५० कॅलरी. साठ किलोच्या आसपासच्या व्यक्तीसाठी हा अगदी स्वाभाविक आकडा आहे.

अडचण मोजण्यात नसते, ‘झोपेतला दर’ नक्की कोणत्या तासांचा यात असते. काही प्रयोगशाळा पूर्ण रात्रीची सरासरी देतात. काही ठिकाणी फक्त पहाटेच्या बाजूचे सलग तीन तास घेतात, ज्यात हालचाल सर्वात कमी असते. दुसऱ्या पद्धतीत दर साहजिकच खाली येतो, कारण रात्रीच्या जेवणाचा परिणाम तोपर्यंत ओसरलेला असतो. दोन अभ्यासांचे आकडे जुळत नसतील तर बरेचदा हेच कारण निघतं.

खर्च कमी होतो तो कशामुळे? आणि त्याहून जास्त का होत नाही?

झोपेत स्नायूंचा ताण सैल पडतो, हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं आणि शरीराला सज्ज ठेवणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था शांत होते. गाढ झोपेत मेंदूचा ग्लुकोजचा वापर चांगलाच घटतो.

मेंदूचं उदाहरण घेतलं की घसरण लहान का राहते ते कळतं. विश्रांतीतल्या एकूण खर्चापैकी साधारण २० टक्के मेंदूचे असतात. गाढ झोपेत मेंदूचा वापर एक तृतीयांशाने घटला असं धरलं, तरी एकूण खर्चात ६-७ टक्केच कमी होतात, आणि तेही गाढ झोप चालू असेपर्यंतच. प्रौढांमध्ये ती रात्रीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी असते. स्वप्नांच्या झोपेत तर मेंदूचा वापर पुन्हा जागेपणाच्या जवळ पोहोचतो. रात्रभराची सरासरी काढली की मेंदूकडून होणारी बचत दोन-तीन टक्क्यांवर येते.

यकृत, मूत्रपिंडं, हृदय आणि मेंदू हे अवयव वजनाने शरीराच्या ५-६ टक्केच असतात, पण विश्रांतीतला निम्म्याहून जास्त खर्च त्यांचा असतो. रक्त गाळणं, पेशींच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमचा तोल राखणं, प्रथिनं मोडून नवी बांधणं, यातलं कोणतंच काम रात्री थांबवता येत नाही.

रात्रभर खर्च एकसारखा असतो का?

नाही. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत दर हळूहळू उतरतो, पहाटेच्या बाजूला तळाला जातो आणि जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. उशिरा आणि भरपेट जेवण झालं असेल तर सुरुवातीचा भाग वर राहतो, पण ती अन्न पचवण्याची किंमत असते. लवकर जेवला असता तरी ती किंमत चुकली नसती, फक्त जागेपणाच्या तासांत मोजली गेली असती. ‘रात्री उशिरा खाल्लं की झोपेत जास्त कॅलरी जळतात’ हे विधान म्हणूनच दिशाभूल करतं.

झोपेच्या टप्प्यांमधला फरक त्या मानाने लहान असतो. स्वप्नांच्या झोपेत खर्च किंचित जास्त आणि गाढ झोपेत किंचित कमी असतो. मध्येच जाग आली की मात्र दर लगेच वर उडी घेतो.

दिवसाच्या एकूण खर्चात झोपेचा वाटा किती? एक हिशोब करून दाखवा.

पस्तीस वर्षांची, ६० किलो वजनाची, १६० सेंटिमीटर उंचीची स्त्री घेऊ. १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन यांचं सूत्र स्त्रियांसाठी असं आहे: वजनाची १० पट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट, वजा १६१. म्हणजे ६०० + १००० − १७५ − १६१ = १२६४ कॅलरी, चोवीस तासांसाठी. तासाला ५२.७. काटेकोरपणे पाहिलं तर हे सूत्र विश्रांतीतल्या दराचं आहे, पण आपल्या कामासाठी ते पायाभूत दर म्हणून चालेल.

आता तिचा दिवस तासांत वाटू. आठ तास झोप ०.९५ पटीने. आठ तास बसून काम, १.४ पटीने. तीन तास शांत बसणं, १.२ पटीने. चार तास घरातली हलकी कामं, २.३ पटीने. एक तास भरभर चालणं, ३.८ पटीने. तास आणि पटी गुणून बेरीज केली की ३५.४ येतात. त्याला ५२.७ ने गुणलं की दिवसाचा खर्च साधारण १८६५ कॅलरी.

यात झोपेचे ४०० आहेत. दिवसाचा तिसरा हिस्सा वेळ, पण खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा. तिने दिवसभर अंगमेहनत केली असती तर झोपेचे ४०० तेच राहिले असते आणि टक्केवारी आणखी घसरली असती. अंथरुणाला खिळलेल्या माणसात हीच टक्केवारी तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ पोहोचते.

आता ज्या प्रश्नावर लोक इतका वाद घालतात तो घेऊ. झोपेला ०.९५ ऐवजी १.० पट धरलं तर काय होतं? झोपेचे ४०० ऐवजी ४२१ होतात. पूर्ण दिवसात २१ कॅलरींचा, म्हणजे साधारण एका टक्क्याचा फरक. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या ऊर्जा-गरजेच्या हिशोबात झोपेला सरळ १.० पट धरलं आहे, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. कारण मिफ्लिनसारखं सूत्र एखाद्या व्यक्तीसाठी सहज १० टक्क्यांनी चुकू शकतं. आपल्या उदाहरणात ते १२६ कॅलरी झाले. पायाच इतका हलता असताना त्यावर २१ कॅलरींची दुरुस्ती केल्याने उत्तर अचूक होत नाही.

बीएमआरमध्ये झोपेतला खर्च आधीच धरलेला असतो का? की तो वेगळा मिळवायचा?

तो आत धरलेलाच असतो. सूत्रातून येणारा १२६४ हा आकडा पूर्ण चोवीस तासांचा आहे, झोपेचे तास धरून. त्याला १.४ किंवा १.६ अशा हालचालीच्या गुणकाने गुणलं, की मिळणाऱ्या एकूण आकड्यातही झोप असतेच. त्यावर ‘झोपेचे ४००’ पुन्हा मिळवले तर दिवसाचा हिशोब चारशेने फुगतो. आहार आखताना अशी चूक झाली तर ती लहान नाही. माणूस कागदावर रोज तुटीत असतो आणि वजन हलत नाही.

चूक झाली आहे का ते ओळखायची खूण सोपी आहे. एकूण खर्चाला चोवीस तासांच्या बीएमआरने भागा. बैठं काम आणि थोडं चालणं असलेल्या माणसाचा भागाकार साधारण १.४ ते १.६ यायला हवा. तो १.७ च्या पुढे गेला आणि दिवसात तशी मेहनत नसेल, तर काहीतरी दोनदा मोजलं गेलं आहे.

माझं घड्याळ रोज ‘झोपेत जळलेल्या कॅलरी’ दाखवतं. तो आकडा खरा धरायचा का?

ढोबळ अंदाज म्हणून चालेल. मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची आणि लिंग यांवरून ते ताशी दर काढतं, त्याला झोपेच्या तासांनी गुणतं, आणि काही घड्याळं हृदयाच्या ठोक्यांवरून त्यात थोडा बदल करतात. निश्चल पडलेल्या माणसात ठोके आणि ऊर्जाखर्च यांचं नातं कच्चं असतं. ताण, औषधं, कमी पाणी पिणं यांमुळे ठोके वाढतात, पण ऊर्जाखर्च त्याच प्रमाणात वाढतोच असं नाही.

तुमचं घड्याळ काय करतं हे स्वतः तपासता येतं. आठवडाभराच्या रात्री घ्या आणि प्रत्येक रात्रीच्या कॅलरींना झोपेच्या तासांनी भागा. भागाकार रोज जवळजवळ तोच येत असेल, तर तुम्ही पाहताय ते सूत्राचं उत्तर आहे. ‘काल जास्त झोपलो म्हणून जास्त कॅलरी जळल्या’ असं पडद्यावर दिसतं, पण ते तास जागेपणात गेले असते तर तितक्याच किंवा त्याहून जास्त खर्च झाल्या असत्या, ही गोष्ट पडदा सांगत नाही.

म्हणजे कमी झोपलं तर जास्त कॅलरी जळतात?

हो, पण फार थोड्या. आपल्या उदाहरणातली स्त्री एक तास कमी झोपून तो तास शांत बसून राहिली, तर फरक ०.२५ पटीचा, म्हणजे १३ कॅलरींचा. तो तास तिने अंथरुणात निश्चल पडून काढला तर तीनही नाहीत.

२०११ मध्ये कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी सात तरुण, निरोगी माणसांना पूर्ण वेळ अंथरुणातच ठेवून, एका रात्री अजिबात झोपू न देता त्यांचा खर्च मोजला. चोवीस तासांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी, म्हणजे अंदाजे १३४ कॅलरींनी वाढला. पूर्ण रात्र जागून हाती आलेली वाढ इतकीच, आणि नंतरच्या भरपाईच्या झोपेत खर्च खाली आला.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. त्याच संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये सलग पाच रात्री फक्त पाच तास झोपू दिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा रोजचा खर्च साधारण ५ टक्क्यांनी वाढला होता. पण हवं तेवढं खायला मोकळीक असल्यामुळे खाणं त्याहून जास्त वाढलं, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरचं, आणि पाच दिवसांत वजन सरासरी ०.८ किलोने वाढलं. कुणी वजन उतरवण्यासाठी झोप तोडत असेल, तर त्याला हा अभ्यास जरूर सांगावा.

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजनात काही शे ग्रॅमचा फरक दिसतो. ती जळलेली चरबी असते का?

जवळजवळ सगळा फरक पाण्याचा असतो. श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर पाणी बाहेर जातं, आणि उठल्यावर लघवी करून वजन केलं तर तेही त्यात येतं.

वरच्याच आकड्यांवरून वायूंचा हिशोब करू. आठ तासांत वापरलेला ऑक्सिजन साधारण १२० ग्रॅम, सोडलेला कार्बन डायऑक्साइड साधारण १३५ ग्रॅम. वायूंच्या देवाणघेवाणीतून वजन घटलं ते फक्त पंधरा ग्रॅम. त्या रात्रीच्या ४०० कॅलरींपैकी साधारण ६० टक्के चरबीतून आल्या असं धरलं, तर खर्च झालेली चरबी २५ ग्रॅमच्या आसपास होते. घरातल्या वजनकाट्याला इतका फरक विश्वासाने दाखवता येत नाही.

कोणाच्या बाबतीत झोपेतला खर्च नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त असतो?

ताप असेल तर दर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे (सेल्सिअस) साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, झोपेतही. थायरॉइड जास्त काम करत असेल तर रात्रीचा दरही वर जातो. मासिक चक्राच्या उत्तरार्धात, म्हणजे बीजोत्सर्गानंतर, काही स्त्रियांत तो काही टक्क्यांनी जास्त असतो. स्वतःची एकच रात्र मोजून ती महिनाभर लावू नये, त्याचं हे एक कारण.

ज्यांना झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा त्रास आहे, म्हणजे स्लीप ॲप्निया, त्यांची गोष्ट वेगळी आहे. श्वासासाठी धडपड, सतत अर्धवट जाग आणि सिम्पथेटिक मज्जासंस्थेची उत्तेजना यांमुळे त्यांचा रात्रीचा खर्च वाढलेला असू शकतो आणि नाकावरच्या दाबयंत्राचा उपचार सुरू झाल्यावर तो खाली येतो. उपचारानंतर श्वास सुधारला तरी काहींचं वजन थोडं वाढतं. हा रात्रीचा कमी झालेला खर्च त्यामागचं एक कारण मानलं जातं. अशा वेळी यंत्र बंद करायचं नसतं, खाणं आणि हालचाल यांचा हिशोब नव्याने मांडायचा असतो.

झोपेतला दर वाढवता येतो का?

टिकाऊ वाढ एकाच मार्गाने होते, ती म्हणजे चरबीविरहित वस्तुमान वाढणं, आणि तीही माफक. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो, म्हणजे आठ तासांच्या झोपेत चार-पाच. दोन किलो स्नायू कमावले तर रात्रीच्या ४०० मध्ये आठ-नऊ कॅलरींची भर पडते. थंड खोलीत शरीर उष्णता निर्माण करायला लागतं हे खरं, पण पांघरूण घेतलं की कातडीला ती थंडी लागतच नाही, आणि पांघरुणाविना कुडकुडत पडलं तर झोप मोडते. झोपण्याआधी घ्यायचे ‘रात्री चरबी जाळणारे’ पदार्थ विकणारे लोक ज्या दराला हात घालू पाहतात, तो मुख्यतः यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं यांच्या कामाचा दर आहे.